रीसेटचा मेल येतच नाही: एका सोसायटीच्या लॉगिनचं प्रकरण

ठाण्यातली एक सहकारी गृहनिर्माण संस्था. मेंटेनन्सची बिलं, सभासदांची नोंद आणि हिशेब सगळं एका ऑनलाइन पोर्टलवर. त्या पोर्टलचं मुख्य लॉगिन संस्थेच्या जीमेल पत्त्यावर काढलेलं. एप्रिलमध्ये नवी समिती आली, पण रोजची कामं खजिनदारांच्या वेगळ्या लॉगिनवर भागत होती, त्यामुळे मुख्य लॉगिनकडे कोणी फिरकलं नाही. ऑगस्टमध्ये मात्र अडलं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी तपासलेले हिशेब पोर्टलवर चढवायचे, आणि तो अधिकार फक्त मुख्य लॉगिनला. पासवर्ड जुन्या सचिवांनाही आठवत नव्हता. नव्या सचिवांनी ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं. स्क्रीनवर उत्तर आलं: हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला असेल तर लिंक पाठवली आहे. मेल काही आला नाही.

यात कारणं एकावर एक रचलेली होती. एक दूर केलं की खाली दुसरं सापडत होतं. म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा: आधी जे आपल्या हातात आहे आणि पाच मिनिटांत कळतं ते, मग जे दुसऱ्याला विचारावं लागतं ते.

पुन्हा पुन्हा बटण दाबू नका

पहिली गोष्ट, एकदा बटण दाबून थांबायचं. सगळं सुरळीत असेल तर असा मेल मिनिटभरात येतो. काही कार्यालयांचे आणि कॉलेजांचे मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला ‘नंतर या’ म्हणून परत लावतात. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे सहसा येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. अशा ठिकाणी मेल पंधरा मिनिटं ते अर्धा तास उशिरा पोचणं अगदी शक्य आहे. जीमेलवर एवढी वाट पाहायची वेळ सहसा येत नाही. तिथे दहा-पंधरा मिनिटांत मेल नाही आला की शोधायला लागावं.

सारखं बटण दाबल्याने दोन तोटे होतात. बऱ्याच साइट थोड्या वेळात आलेली दुसरी मागणी गपचूप बाजूला टाकतात. आणि वर्डप्रेस किंवा लाराव्हेलवर बांधलेल्या साइटवर नवी मागणी गेली की आधीची लिंक रद्द होते. मग उशिराने तीन मेल एकदम येतात, जीमेल ते एकाच संभाषणात गुंडाळतं, माणूस वरचा पहिला उघडतो आणि ‘लिंक चालत नाही’ म्हणून नव्याने बटण दाबतो. लिंकची मुदतही वेगवेगळी असते: लाराव्हेलमध्ये मूळ सेटिंग ६० मिनिटांचं, वर्डप्रेसमध्ये एक दिवसाचं. रात्री मागवलेली लिंक सकाळी उघडली तर ती मेलेली असू शकते.

नोंदलेला पत्ता नेमका कोणता?

‘लिंक पाठवली आहे’ हे वाक्य वाचून मेल निघालाच असं समजणं ही इथली सर्वांत मोठी फसगत. बहुतेक साइट पत्ता बरोबर असो वा चूक, तेच उत्तर देतात. तसं केलं नाही तर कोणीही हजारो पत्ते टाकून कोणाचं खातं आहे आणि कोणाचं नाही हे काढून घेईल. सुरक्षेसाठी ही पद्धत योग्यच आहे, पण चुकीचा पत्ता टाकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

या प्रकरणात सचिवांनी आधी स्वतःचा पत्ता टाकला होता, मग संस्थेचा. संस्थेचा पत्ता लेटरहेडवर सलग छापलेला होता, तोच त्यांनी टाकला. नोंदणी करताना मात्र पत्त्यात `chs` या अक्षरांच्या आधी एक टिंब दिलेलं होतं. जीमेलला `@gmail.com` च्या आधीची टिंबं दिसतच नाहीत. टिंब असो नसो, मेल एकाच पेटीत पडतो. पोर्टलच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे पत्ते. त्यामुळे लेटरहेडवरचा पत्ता टाकल्यावर पोर्टलने कोणालाच मेल पाठवला नाही आणि स्क्रीनवर मात्र तेच गोड उत्तर दाखवलं.

नोंदलेला पत्ता शोधायची खात्रीची जागा म्हणजे त्याच पेटीतले पोर्टलचे जुने मेल. जुनं बिल, पावती, स्वागताचा मेल, काहीही चालेल. मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या `to me` शेजारचा छोटा बाण दाबला की `to:` पुढे नोंदीतला पत्ता जसाच्या तसा दिसतो. इथे टिंब तिथेच सापडलं. टिंबाऐवजी अधिक चिन्हासह जोडलेला शब्दही निघू शकतो.

पोर्टलचा एकही जुना मेल सापडला नाही, तर शंका घ्यावी की खातं दुसऱ्याच पत्त्यावर आहे: `gmail` च्या स्पेलिंगमधली चूक, बंद झालेला जुना रेडिफ किंवा याहूचा पत्ता, असं काहीही. फोनच्या किंवा ब्राउझरच्या जतन केलेल्या पासवर्डांत साइटचं नाव शोधलं तर तिथे निदान वापरलेला पत्ता मिळतो, कधी कधी पासवर्डही.

याच टप्प्यावर आणखी एक शक्यता निकालात काढावी. खातं ‘गूगलने साइन इन करा’ या बटणाने काढलेलं असेल तर त्या साइटकडे तुमचा पासवर्डच नसतो. पासवर्ड नाही तर बदलायचं काय? जँगो नावाच्या चौकटीवर बांधलेल्या साइट अशा खात्याला आपसूक रीसेटचा मेल पाठवतच नाहीत, आणि स्क्रीनवर नकारही देत नाहीत. ते गूगलचं बटण दाबून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

पेटीत शोधायचं कसं

टिंबासह पत्ता टाकल्यावरही मेल दिसला नाही. आता पेटी नीट चाळायची. ‘स्पॅम बघितलं’ एवढं पुरत नाही. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये जातच नाही, आणि मेल प्रमोशन्स किंवा अपडेट्सच्या टॅबमध्ये पडलेला असू शकतो. शोधाच्या चौकटीत हे टाकलं की सगळीकडचं एकदम निघतं:

```
in:anywhere newer_than:1d
```

साइटच्या नावाने शोधण्यापेक्षा असा वेळेने शोधलेला बरा. कारण रीसेटचा मेल बरेचदा साइटच्या नावाने येत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा मेल पाठवणाऱ्या सेवेच्या डोमेनवरून येतो, विषयही इंग्रजीत आणि ओळखीचा नसलेला. गेल्या चोवीस तासांतले सगळे मेल एका यादीत पाहिले की नजरेतून सुटत नाही. फोनच्या अॅपवर नव्हे, संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून हे करावं, म्हणजे फोनच्या सिंकचा घोळ मध्ये येत नाही.

त्यानंतर सेटिंग्जमधली दोन पानं. `Filters and Blocked Addresses` मध्ये कोणी कधी पोर्टलचे मेल थेट काढून टाकायचा किंवा इनबॉक्स टाळायचा नियम लावला आहे का ते पाहावं. सामायिक पेटीत हे फार घडतं: आधीच्या पदाधिकाऱ्याला दर महिन्याच्या बिलांचा कंटाळा येतो, तो नियम लावतो, पुढच्याला पत्ताच नसतो. दुसरं पान `Forwarding and POP/IMAP`. मेल दुसरीकडे पाठवून इथली प्रत पुसायची सोय तिथे चालू असू शकते, किंवा कार्यालयातल्या जुन्या संगणकावरचं आउटलुक पॉपने मेल खेचून घेत असतं. संस्थेच्या पेटीत यातलं काही नव्हतं. एक जुना फॉरवर्डचा पत्ता मात्र होता, माजी सचिवांचा. तो लगेच काढला, कारण रीसेटची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती खातं जातं.

पेटी मेल घेते आहे का?

इथून पुढे प्रश्न बदलतो. मेल हरवला नसून पोचलाच नाही, असं धरून चालायचं. सगळेच मेल अडले आहेत की फक्त या पोर्टलचे?

दुसऱ्या खात्यावरून संस्थेच्या पत्त्यावर एक साधा मेल टाकला. तो लगेच आला. बँकेचे मेलही येत होते. म्हणजे पेटी आता ठीक होती. पण ‘आता’ या शब्दापाशी थांबायला हवं. गूगलची १५ जीबीची मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांची मिळून असते. जुन्या सचिवांच्या फोनवर फोटोंचा बॅकअप याच खात्यात चालू होता, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे व्हिडिओ डिसेंबरमध्ये त्यात जाऊन जागा काठोकाठ भरली होती. नंतर त्यांनी फोनवरून खातं काढलं, पण भरलेली जागा तशीच राहिली. एप्रिलमध्ये नव्या समितीने व्हिडिओ उतरवून घेऊन पुसले, तेव्हापासून मेल पुन्हा येऊ लागले होते.

तुमच्या बाबतीत जागा अजून भरलेलीच असेल, तर तपास तिथेच संपला. `has:attachment larger:10M` असं शोधून मोठे मेल काढा, ट्रॅश रिकामा करा (तोवर जागा सुटत नाही), आणि मगच पुन्हा लिंक मागवा. भरलेल्या पेटीकडे पाठवलेला मेल तुम्हाला स्पॅममध्ये नाही की कुठेच दिसत नाही. नकाराची चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे जाते.

आता पोर्टलच्या जुन्या मेलांची यादी तारखेप्रमाणे लावून पाहिली, आणि गाठ तिथे सुटली. मेंटेनन्सच्या बिलाची कार्यालयीन प्रत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत होती. शेवटची आलेली डिसेंबरची. जानेवारी ते मार्च पेटी भरलेली होती, तेव्हा प्रती न येणं समजण्यासारखं. पण एप्रिलमध्ये जागा झाल्यावर बँकेचे मेल सुरू झाले आणि पोर्टलचे झाले नाहीत. मे नाही, जून नाही, जुलै नाही. सभासद बिलं अॅपवर पाहत होते, म्हणून कार्यालयीन प्रत येत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. अडचण फक्त रीसेटच्या मेलची नव्हती. त्या पोर्टलचा एकही मेल या पत्त्यावर येत नव्हता.

पाठवणाऱ्याकडची काळी यादी

पोर्टल आपले मेल स्वतः पाठवत नाही. अॅमेझॉन एसईएस, सेंडग्रिड, पोस्टमार्क अशा एखाद्या सेवेमार्फत पाठवतं. समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला की ही सेवा नकाराचा आकडा वाचते. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण, पुन्हा प्रयत्न करायचा. पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. पेटी नुसती भरलेली असेल तर जीमेल `452 4.2.2` देतं. भरलेली आणि वापरात नसलेलीही असेल तर `552 5.2.2`. जानेवारीनंतर संस्थेची पेटी महिनोन्‌महिने कोणी उघडली नव्हती, त्यामुळे दुसरा नकार मिळाला.

कायमचा नकार मिळालेला पत्ता या सेवा आपल्या वर्ज्य यादीत टाकतात. इंग्रजीत तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. त्यामागे त्यांची गरज आहे. नकार देणाऱ्या पत्त्यांवर जो सारखा मेल पाठवत राहतो, त्याला जीमेलसारख्या कंपन्या स्पॅम पाठवणारा समजू लागतात, आणि मग त्याच्या चांगल्या ग्राहकांचेही मेल अडतात. म्हणून यादीतल्या पत्त्याचा मेल सेवा आपल्याच दारात थांबवते. पोस्टमनने एकदा ‘घर बंद’ असा शेरा मारला आणि त्यानंतर घराकडे फिरकलाच नाही, तसंच हे. घर पुन्हा उघडलं तरी शेरा आपोआप पुसला जात नाही. बऱ्याच सेवांमध्ये तो कोणीतरी हाताने पुसावा लागतो.

या यादीचा सर्वांत त्रासदायक भाग असा की पोर्टलच्या माणसांनाही ती दिसत नाही, मुद्दाम शोधल्याशिवाय. पोर्टलने मेल सेवेच्या हवाली केला की त्यांच्या पडद्यावर ‘पाठवला’ अशी नोंद होते. सेवेने तो पुढे नेला की टाकून दिला, ही नोंद सेवेच्या वेगळ्या लॉगमध्ये. म्हणूनच मदत केंद्रातून पहिलं उत्तर हेच आलं: “मॅडम, आमच्याकडून मेल गेलाय, तुमचं स्पॅम बघा ना एकदा.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसत होतं तेवढं ते सांगत होते.

मदत केंद्राला काय लिहायचं

‘मेल येत नाही’ असं लिहिलं की स्पॅम बघण्याचाच सल्ला मिळणार. तपास झालेला असेल तर तो त्यांच्यासमोर मांडावा आणि प्रश्न असा विचारावा की लॉग उघडल्याशिवाय उत्तरच देता येऊ नये. सचिवांनी दुसऱ्यांदा पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

“नोंदलेला पत्ता टिंबासह असा आहे. आज सकाळी ११:२० वाजता, भारतीय वेळेनुसार, एकदाच रीसेट मागवला. स्पॅम, ट्रॅश, फिल्टर, जागा सगळं तपासलं आहे. इतरांचे मेल येतात. तुमचा शेवटचा मेल डिसेंबरमध्ये आला, त्यानंतर बिलाची प्रतही आलेली नाही. कृपया मेल पाठवणाऱ्या सेवेच्या लॉगमध्ये या पत्त्यापुढची आजची नोंद काय आहे ते कळवा, आणि पत्ता सप्रेशन किंवा बाउन्स लिस्टमध्ये असेल तर काढा.”

वेळ आणि ‘एकदाच’ हे दोन्ही लिहिणं गरजेचं. लॉग बहुधा जागतिक वेळेत असतात, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे, आणि पाच मागण्यांमधली कोणती शोधायची हे समोरच्याला कळत नाही.

उत्तरात कोणता शब्द येतो त्यावर पुढचं ठरतं. `Delivered` म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला आहे; तेव्हा पुन्हा पेटीकडे वळायचं. कार्यालयाचा मेल असेल तर तो क्वारंटाइनमध्ये अडकलेला असू शकतो, जो तुमच्या स्पॅम फोल्डरात दिसत नाही. आयटी विभागाला मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘मेसेज ट्रेस’ किंवा गूगल वर्कस्पेसमध्ये ‘ईमेल लॉग सर्च’ पाहायला सांगावं. `Deferred` म्हणजे प्रयत्न चालू आहेत, थांबा. `Bounced` म्हणजे नकार मिळाला, आणि त्याचा आकडा मागून घ्यावा. आकडा `550 5.7.26` असेल तर दोष पाठवणाऱ्याचा आहे: त्यांच्या डोमेनची एसपीएफ-डीकेआयएम ही ओळखपत्रं नीट लावलेली नाहीत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे नियम याबाबत कडक झाले आहेत. त्यात तुम्ही काही करू शकत नाही, त्यांना दुरुस्ती करावी लागते. आणि लॉगमध्ये नोंदच नसेल तर मागणी सेवेपर्यंत गेलीच नाही. बहुतेक वेळा पत्ता चुकीचा, म्हणजे परत दुसऱ्या टप्प्यावर.

इथे उत्तर आलं `Dropped`, आणि कारणापुढे `Bounced Address`. अंदाज बरोबर होता. त्यांनी पत्ता यादीतून काढला. सचिवांनी नव्याने एकदा लिंक मागवली. मेल मिनिटाच्या आत अपडेट्सच्या टॅबमध्ये येऊन पडला.

नाद सोडायचा कधी

नोंदलेली पेटीच आता अस्तित्वात नसेल, तर रीसेटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करू शकतं, आणि बंद झालेला जीमेल पत्ता नव्याने काढता येत नाही. सोडलेल्या नोकरीच्या मेल पत्त्याचंही तेच. अशा वेळी मदत केंद्राला रीसेट न मागता नोंदलेला पत्ता बदलून मागायचा, आणि ओळखीचा पुरावा द्यायचा. संस्थेच्या बाबतीत तो म्हणजे नव्या समितीच्या निवडीचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचा अर्ज. पोर्टलवर दुसऱ्या कोणाला प्रशासकाचा अधिकार असेल तर त्याहून सोपं: तो आतूनच पत्ता बदलू शकतो.

मदत केंद्राचा नंबर मात्र साइटवरून किंवा बिलावरूनच घ्यावा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरावर अडलेल्या माणसाला गाठून ओटीपी किंवा रीसेटची लिंक मागणारे बरेच आहेत. खऱ्या मदत केंद्राला त्यातलं काहीच लागत नाही.

लॉगिन झाल्यावर सचिवांनी मुख्य खात्यात दुसरा पर्यायी पत्ता आणि मोबाइल नंबर नोंदवला, आणि मदत केंद्राकडून संस्थेच्या इतर सभासदांपैकी कोणाचे पत्ते त्या यादीत आहेत हेही मागवून घेतलं. काही निघाले. त्यांच्या बिलांचे मेलही कित्येक महिने जात नव्हते, आणि त्यातल्या काहींना न भरलेल्या बिलांवर व्याज लागलं होतं.